सदानंदचे सेल

शेणव्याच्या नाक्यावर सदानंदची टपरी होती. तिला दुकान फक्त तोच म्हणायचा. पत्र्याच्या तीन भिंती, पुढे एक लाकडी फळी आणि मागे पोट उघडं टाकलेले रेडिओ, टेप, घड्याळं. नव्वदच्या आसपास तो रेडिओ दुरुस्त करायचा. घराघरांत रंगीत टीव्ही आले तसे रिमोट यायला लागले, आणि म्हशा गावची जत्रा उठली की पुढचे दोन महिने नुसती खेळणी. ढोल वाजवणारी माकडं, मान न हलवणारे कुत्रे, एकाच बाजूला वळणाऱ्या गाड्या. पोरं फळीला नाक लावून उभी राहायची आणि सदानंद डॉक्टरासारखा चेहरा करून स्क्रू सोडवायचा.

या माणसाला एक खोड होती. त्याच्याकडे पेन्सिल सेल मागितला की तो आधी विचारायचा, कशात घालणार? मग ती वस्तू रोज लागते का, कुठे ठेवता, शेवटचा सेल कधी बदलला होता. दोन सेलांसाठी लग्नाच्या बोलणीइतक्या चौकशा करतो, असं लोक म्हणायचे, आणि घाई असली की पुढच्या किराणा दुकानातून सेल घ्यायचे. सदानंदला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते किराणावाल्याचं, कारण त्याच्या मते तो माणूस सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी देत होता.

घर टपरीच्या मागेच होतं, अंगण ओलांडलं की लगेच. तिथे भीमाबाई होती, त्याची बायको. मुलगी पौर्णिमा मुरबाडला दिलेली, त्यामुळे घरात दोघंच. भीमाबाईचा आवाज सगळ्या वाडीला माहीत होता. तिने अंगणातून हाक मारली की नाक्यावर एस्टीची वाट बघणारी माणसंसुद्धा वळून बघायची. जेवण झालंय, पाहुणे आलेत, गॅस संपलाय, सगळं ती ओरडूनच सांगायची आणि सदानंद ‘बायकोने माझी अब्रू रस्त्यावर आणली’ म्हणत हसत उठायचा.

मग एका वर्षी लावणीच्या दिवसांत तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळायचं सगळं. नजर पूर्वीसारखीच तिखट होती. पण तोंडातून एक अर्धवट ‘आ’ निघायचा, तोही खाटेपलीकडे जायचा नाही. पूर्वी जी बाई नाक्यावरची माणसं वळवायची, तिला आता अंगणापलीकडच्या नवऱ्याला बोलावता येईना. सदानंद दर थोड्या वेळाने टपरी सोडून घरात डोकावायचा, आणि नेमका तो परत गेला की तिला काहीतरी लागायचं. एकदा तो आत आला तेव्हा ती रडत होती आणि अंथरूण ओलं होतं. त्या दिवशी त्याने टपरी लवकर बंद केली आणि जत्रेतली एक मोडकी रिमोटची गाडी पुढ्यात घेऊन बसला.

गाडीची चाकं आणि मोटार त्याने काढून टाकली आणि मोटारीच्या तारांना बझर जोडला. एरियलला लांब तार लावली, सगळं एका साबणाच्या डब्यात बसवलं आणि डबा टपरीत डोक्यावर टांगला. रिमोट भीमाबाईच्या डाव्या हातात. तिने ‘पुढे’चं बटण दाबलं की अंगणापलीकडे टपरीत बझर ओरडायचा. पहिल्या दिवशी तिने तो इतक्या वेळा दाबला की सदानंदने पाय दुखले म्हणून तक्रार केली. ती हसली. अर्धाच चेहरा हसला, पण हसली.

सेल कुठले घालायचे यावर त्याने जितका विचार केला तितका कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केला नव्हता. रिमोटचं काम थेंबाथेंबाचं. बटण दाबलं तेवढाच खर्च, एरवी काही नाही. तिथे अल्कलाइन, वर्षभर बघायला नको. टपरीतल्या डब्याची गोष्ट उलटी होती. तो बटणाची वाट बघत दिवसरात्र कान उघडे ठेवून बसायचा आणि तेवढ्यानेच आठवड्यात चार सेल खाऊन टाकायचा. तिथे दर आठवड्याला नवे अल्कलाइन घालणं म्हणजे वेडेपणा. म्हणून डब्यात चार्जिंगचे, निकेलवाले. चार डब्यात, चार राखीव. दर रविवारी अदलाबदल. खाटेच्या डोक्याशी खिळ्याला टॉर्च टांगलेला असायचा, त्यात लिथियमचे. भीमाबाईच्या भावाने, इंद्रजीतने, ते मुंबईहून आणून दिले होते. हातात घेतले तर रिकामे वाटावेत इतके हलके, पण दहा वर्षं पडून राहिले तरी तसेच. सगळं जिथल्या तिथे होतं. रोज सकाळी टपरी उघडताना तो भीमाबाईला सांगून यायचा, मी पोचलो की एकदा दाब. ती दाबायची, बझर खणखणीत ओरडायचा, आणि त्याचा दिवस सुरू व्हायचा.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि त्यावर कोणीच विश्वास ठेवायचं नाही. सदानंदचा चार्जर साधा होता, रात्रभर लावून ठेवायचा. सेल भरला की नाही हे तो सांगायचा नाही, आणि रात्रीतून वीज किती वेळ होती हे झोपलेल्या माणसाला कळायचं नाही. सकाळी सेल काढले की ते सदानंदच्या लेखी भरलेले.

आणि देवकी होती. शेजारची देवकी सकाळी येऊन भीमाबाईला आंघोळ घालायची, तिची वेणी घालायची, दुपारी भात भरवायची. स्वभावाने इतकी मायाळू की भीमाबाईच्या बहिणीनेही एवढं केलं नसतं. तिच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याचं तोंड सदानंदने आजही बंद केलं असतं.

मे महिन्यातली दुपार. देवकी भाचीच्या हळदीला किन्हवलीला गेली होती. जाताना भीमाबाईला जेवू घालून, रिमोट हातात देऊन गेली. सदानंदने दोन दिवसांपूर्वीच राखीव सेल डब्यात घातले होते. सकाळी बझर वाजला होता, नेहमीसारखाच.

दुपारी कुंडलिक आला. खालच्या आळीचा, भाताची शेती, बोलायला बसला की उठायचं नाव नाही. त्याचा मुलगा संदेश कल्याणला कामाला होता, त्याने घरी चार्जर आणि चार चार्जिंगचे सेल आणून टाकले होते, आणि आता घरातल्या सगळ्या वस्तूंत तेच फिरवायचे असा हुकूम केला होता. कुंडलिकने पिशवीतून तीन वस्तू काढून फळीवर ठेवल्या. टॉर्च, टीव्हीचा रिमोट आणि नातवाचं ढोलवालं माकड. टॉर्च ऐन वेळी लागत नाही, रिमोट महिन्याभरात झोपतो, माकड मात्र मस्त नाचतं, हे काय गौडबंगाल, असं त्याचं म्हणणं.

असं गिऱ्हाईक सदानंदला वर्षातून एकदा मिळायचं. त्याने कुंडलिकला स्टूल दिलं आणि सुरुवात केली. माकडाला चार्जिंगचेच घाल, ते रोज भरपूर खातं, अल्कलाइन तिथे दमतो आणि फेकावा लागतो, हा पुन्हा भरता येतो. पण या सेलाला एक रोग आहे. तो नुसता पडला तरी आतून झिरपत राहतो, महिन्यात चौथा हिस्सा जातो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून रिमोटमध्ये आणि खुंटीवरच्या टॉर्चमध्ये तो घालू नये. तुम्ही वापरता त्याहून जास्त तो स्वतःच सांडून टाकतो. रिमोटला अल्कलाइन दे. फक्त संपलेला आत विसरू नको, फुटून पांढरा क्षार येतो. तुझ्या रिमोटला आलाच आहे बघ. त्याने कापसावर लिंबू पिळून स्प्रिंगा पुसल्या, त्या फसफसल्या, कुंडलिक वाकून बघत राहिला. टॉर्चलाही अल्कलाइन पुरे. लिथियम मिळाला तर उत्तम, पण महाग आणि पुन्हा भरता येत नाही. उगाच भरायला गेलास तर फुटेल. आणि एका वस्तूत दोन जातीचे किंवा जुने-नवे एकत्र घालू नकोस.

कुंडलिकने विचारलं, संपत आला हे ओळखायचं कसं? त्यावर तर सदानंद खुललाच. अल्कलाइन कळवतो, म्हणाला. टॉर्च पिवळा पडत जातो, माकडाचा ढोल हळू होतो, चार दिवस आधी निरोप येतो. चार्जिंगवाल्याचं तसं नाही. त्याचा जोर दीड व्होल्टचा नाही, सव्वाच्या आसपासच, पण शेवटपर्यंत तोच. आता जोरात आणि आता गप्प. मधली पायरीच नाही. हे त्याने चुटकी वाजवून दाखवलं.

त्याच्या डोक्यावर तो डबा टांगलेला होता. तो कधी गप्प झाला होता, हे कोणालाच कळलं नाही.

कुंडलिक समाधानाने गेला. सदानंदच्या मनात आलं, आज भीमाने एकदाही बोलावलं नाही, झोप लागली असेल, बरं झालं. चहाची वेळ झाली तसा तो शीळ घालत अंगण ओलांडून घरात शिरला.

भीमाबाई खाटेवर नव्हती. खाट आणि मोरी यांच्या मध्ये जमिनीवर पडली होती. लुगडं गुडघ्याच्या वर, खाली सगळं ओलं, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. तिला लघवीला लागली होती. तिने बोलावलं होतं, वाट बघितली होती, आणि शेवटी स्वतःच उठायला गेली होती. डाव्या हातात रिमोट होता आणि अंगठा बटणावर दाबलेला होता. सदानंद दारात उभा होता आणि अंगणापलीकडून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

जीपमधून तिला शहापूरला नेलं, तिथून पुढे ठाण्याला. खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त, भूल झेपायची नाही, म्हणून ऑपरेशन नको असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आता खाटेवरून उठणं नाही. पौर्णिमा मुरबाडहून धावत आली, आईपाशी रडली, बापापाशीही रडली. भीमाबाईने मुलीचा हात धरला, देवकीचा धरला, नर्सचाही धरला. सदानंदने हात पुढे केला की ती मान फिरवायची. पहिल्यांदा त्याला वाटलं, दुखतंय. मग वाटलं, तिला लाज वाटते आहे. घरी आणल्यावरही तेच. तो भरवायला बसला की ती तोंड उघडायची नाही. देवकीने भरवलं की खायची. ज्या माणसाशी तिने जन्मभर भांडण केलं पण अबोला कधी धरला नाही, त्याच्याशी तिचा अबोला होता, आणि जिला बोलताच येत नाही तिला तो सोड म्हणून सांगायची सोय नव्हती. रात्री तो खाटेशेजारी जमिनीवर झोपायचा आणि तिच्या श्वासावरून ती जागी आहे हे ओळखायचा.

डब्यातले सेल त्याने मीटरवर लावून पाहिले. चारही मेलेले. दोन दिवसांपूर्वी घातलेले, आठवडा टिकायला हवे होते. रात्री वीज गेली असेल, अर्धवट भरले असतील. पण अर्धवट म्हटले तरी इतक्यात कसे संपतील? त्याला कळेना. उभं आयुष्य सेलांत गेलं आणि स्वतःच्या घरातले चार सेल त्याला फसवून गेले, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

कळलं ते देवकीमुळे. एका दुपारी तो ओट्यावर बसला होता आणि देवकी राखीव सेलांचं ताट घेऊन बाहेर आली. न्हाणीघराच्या पत्र्यावर तिने ते ओळीने मांडले, कुरडया मांडाव्यात तसे.

“काय करतेस गो?” त्याने विचारलं.

“ऊन दावते. रोज दावते मी. आमची आय रेडिओचे सेल असेच दावायची, म्हणून तर टिकायचे.”

सदानंदचीही आई तसंच करायची. साधे सेल उन्हात तापवले की थोडा जीव धरतात, हे खरंच होतं. सगळं गाव करायचं. पण हे ते सेल नव्हते. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे रोज भाजून निघायचे आणि जे काही अर्धंमुर्धं भरलेलं असेल ते आतल्या आत झिरपून जायचं. संध्याकाळ व्हायच्या आत ती ते परत जागेवर ठेवायची, म्हणून त्याला कधी दिसलंच नाही. आणि सकाळचा बझर त्याला काही सांगू शकणार नव्हता. चौथा हिस्सा भरलेला सेलही पहिल्यासारखाच ओरडतो, हे त्याने स्वतःच कुंडलिकला चुटकी वाजवून सांगितलं होतं.

देवकीचा चेहरा इतका भोळा होता की तिला बोल लावणं शक्यच नव्हतं. ऊन नको गो या सेलांना, एवढंच म्हणाला आणि ताट उचललं. त्याला थोडं हलकं वाटलं, कारण आता भीमाला सांगायला त्याच्याजवळ काहीतरी होतं. तो आत गेला, खाटेशी बसला आणि सगळं सांगितलं. ऊन, वीज, सेल कसे अचानक बसले ते. ती भिंतीकडे बघत राहिली. मी नवीन सेल घातलेत, आता असं होणार नाही, असं म्हणत त्याने रिमोट तिच्या डाव्या हातात दिला.

तिने तो फेकून दिला. डाव्या हातात होता नव्हता तेवढा जोर लावून. रिमोट भिंतीवर आपटून खाली पडला.

सदानंदने तो उचलला. फुटला का बघायला बटण दाबलं. टपरीतला बझर पुसटसा ऐकू आला, आणि रिमोटच्या टोकाचा इवलासा लाल दिवा लागला. त्याने बोट काढलं, दिवा विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. हा दिवा त्याने शेकडो वेळा पाहिला होता. सेल चालू आहे हे बघायला पाहिला होता. खाटेवर पडून, दुसऱ्या कोणाच्या वाटेकडे डोळे लावून कधी पाहिला नव्हता.

रिमोटचे अल्कलाइन त्या दिवशी ठणठणीत होते. म्हणजे भीमाने जितक्या वेळा बटण दाबलं तितक्या वेळा हा दिवा लागला होता. तिच्या बाजूने सगळं चालू होतं. दिवा लागत होता आणि नवरा येत नव्हता. बझरचा आवाज तिला घरात कधीच नीट ऐकू यायचा नाही, रस्त्यावरून खडीचे ट्रक जायचे. तिला खूण होती ती या दिव्याची. याला ऐकू जातंय आणि हा बसलाय, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. हेच तिला कळलं होतं. लघवी रोखून, जमिनीवर पडून, हाड मोडून ती हेच बघत होती, आणि नंतरचे सगळे दिवस हेच मनात धरून त्याच्या शेजारी पडून होती.

तो पुन्हा खाटेशी बसला. “भीमा,” तो म्हणाला. तिने बोलावलं नाही म्हणून तो शीळ घालत आला होता, आणि तिने इतकं बोलावलं होतं.

मग तो उठला, धावत टपरीत गेला आणि डबा तारेसकट उपटून आणला. खाटेवर तिच्या कुशीशी ठेवला. झाकण काढलं, चारही सेल बाहेर काढून तिच्या पदरात टाकले. रिमोट तिच्या हातात दिला आणि तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला, ती सोडवून घेत होती तरी.

“दाब,” तो म्हणाला. “एकदाच दाब गो.”

कितीतरी वेळ तिने दाबलं नाही. मग दाबलं. लाल दिवा लागला. डबा गप्प. तिने दिव्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. दिवा लागला, डबा गप्प. तिसऱ्यांदा तिने रिमोट डब्याच्या अगदी जवळ नेऊन दाबलं.

“असं झालं होतं,” सदानंद म्हणाला. “तुझा दिवा लागत होता. माझ्याकडं कायच वाजलं नाय. मी तिथं बसलो होतो आणि मला ऐकूच आलं नाय, भीमा.”

तिने रिमोट बाजूला ठेवला. डाव्या हाताचं बोट डब्याच्या रिकाम्या खाचेत घातलं आणि एकेक स्प्रिंग चाचपली. मग त्याच्याकडे बघितलं. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. आणि तिचा चेहरा वाकडा झाला, दोन्ही बाजूंनी नाही, एकाच, आणि ‘आ’ असा आवाज काढून ती रडायला लागली. सदानंद तिच्या पोटावर डोकं टेकवून रडला. देवकी दारात आली होती ती मागे फिरली.

थोड्या वेळाने भीमाबाईने पदरातले सेल एकेक करून त्याच्या हातात दिले. त्याने ते डब्यात बसवले. तिने बटण दाबलं. बझर दोघांच्या मध्ये कानठळ्या बसतील असा ओरडला.

“आलो,” सदानंद म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं.

“आलो गो.”

ती दाबत राहिली. तिचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते, आणि तो दर वेळी आलो म्हणत होता, एकदाही कंटाळा न करता. बाहेर नाक्यावर कोणीतरी टपरीच्या फळीवर नाणं आपटून त्याला हाका मारत होतं. बराच वेळ मारत होतं. सदानंद उठला नाही.